वर्षअखेर, वर्षारंभ की कायमचं भाडं: शिरोलीतल्या एका निवृत्त भागीदाराच्या हिश्श्याचा हिशेब

पार्श्वभूमी

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत दोन भावांचं वर्कशॉप आहे. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर मशीनिंग करून ते पुढे पाठवायचं, हे काम. मोठ्या भावाला इथे आबा म्हणू आणि धाकट्याला तात्या. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण हिशेबाचा सांगाडा जसा होता तसाच ठेवला आहे.

साठी पूर्ण झाल्यावर आबांनी १ एप्रिल २०२३ पासून भागीदारीतून बाहेर पडायचं ठरवलं. भांडण नव्हतं. तात्यांचा मुलगा कामात तयार झाला होता, आबांची एकुलती मुलगी लग्न होऊन पुण्यात होती आणि धूळ-आवाजाला आबांची तब्येत कंटाळली होती. नोकरदाराला निवृत्तीवेळी भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी असं काहीतरी मिळतं. भागीदाराला मिळतो तो फक्त त्याचा हिस्सा. मूल्यांकन करून आबांचा हिस्सा ४० लाख रुपये ठरला आणि तो दोघांना मान्य होता.

अडचण अशी की वर्कशॉपकडे ४० लाख रोख नव्हते. बँकेचं कर्ज आधीच डोक्यावर होतं. त्यामुळे पैसे हळूहळू द्यायचे हे पक्कं झालं. ते कसे द्यायचे यावर मात्र घरात दोन महिने चर्चा चालली. त्या चर्चेच्या मध्यावर मला बोलावलं गेलं.

आबांच्या घरचा वर्षाचा खर्च ३ लाख ६० हजारांच्या आसपास होता. वर्कशॉपशी संबंध नसलेली १२ लाखांची बचत बँकेत होती. आबांच्या पत्नी, त्यांना इथे काकी म्हणू, छप्पन वर्षांच्या, म्हणजे आबांपेक्षा चार वर्षांनी लहान. हे वयातलं अंतर पुढे महत्त्वाचं ठरलं.

समोर आलेले तीन प्रस्ताव

तात्यांनी तीन पर्याय कागदावर मांडले होते.

पहिला: दरवर्षी ३१ मार्चला ४ लाख रुपये, २० वर्षं. पहिला हप्ता ३१ मार्च २०२४ ला.

दुसरा: दरवर्षी १ एप्रिलला ३ लाख ८० हजार, २० वर्षं. पहिला हप्ता निवृत्तीच्याच दिवशी, १ एप्रिल २०२३ ला.

तिसरा: शेड आणि प्लॉटमधला आबांचा निम्मा हक्क त्यांच्याकडेच राहील आणि वर्कशॉप त्याचं भाडं देत राहील. पहिल्या वर्षाचे २ लाख ३१ मार्च २०२४ ला, पुढे दरवर्षी ३ टक्के वाढ, आबांनंतर काकींना, त्यांच्यानंतर मुलीला, कायम.

पहिल्या दोन पर्यायांत आबांनी प्लॉटसकट सगळे हक्क सोडायचे होते. तिसऱ्यात मशिनरी, येणी आणि धंद्याचं नाव सोडायचं, जागा मात्र ठेवायची.

वित्तशास्त्राच्या भाषेत पहिला पर्याय म्हणजे ऑर्डिनरी ॲन्युइटी, वर्षअखेरची वार्षिकी. दुसरा म्हणजे ॲन्युइटी ड्यू, आगाऊ वार्षिकी. तिसरा म्हणजे ग्रोइंग पर्पेच्युइटी, वाढत जाणारी आणि न संपणारी वार्षिकी. पुस्तकात हे तीन प्रकार तीन वेगळ्या धड्यांत येतात. इथे ते एकाच घरात, एकाच टेबलावर आले होते.

पहिली तुलना कुठे फसली

आबांचा कल पहिल्या पर्यायाकडे होता आणि कारण सरळ होतं. "चार गुणिले वीस, ऐंशी लाख. दुसऱ्यात शहात्तर. मग शहात्तर कशाला घ्यायचे?"

ही बेरीज चूक नाही, पण तिचा या निर्णयाला उपयोग नाही. २०४३ साली मिळणारे ४ लाख आणि आज मिळणारे ४ लाख तिने एकाच मापाने मोजले आहेत. वर्षाला ८ टक्के व्याज मिळत असेल तर आज ९२,५९३ रुपये ठेवले की वर्षाने त्यांचे १ लाख होतात. म्हणून वर्षाने मिळणाऱ्या १ लाखाची आजची किंमत ९२,५९३ रुपये. वीस वर्षांनी मिळणाऱ्या ४ लाखांची आजची किंमत याच रीतीने काढली तर ती ८५,८१९ रुपये भरते. बेरीज करायचीच, पण अशा आजच्या किमतींची करायची. तिलाच वर्तमान मूल्य म्हणतात.

घरच्या हिशेबनिसांना हे माहीत होतं. त्यांनी वर्तमान मूल्य काढलंही होतं. त्यांच्या कागदावर पहिला पर्याय ३९ लाख २७ हजार आणि दुसरा ३७ लाख ३१ हजार निघाला होता. म्हणजे आबांचीच निवड बरोबर असं दिसत होतं. पण दुसरा आकडा चुकीचा होता, कारण एक्सेलमध्ये हप्ता वर्षाच्या सुरुवातीला येतो हे सांगायचं राहून गेलं होतं. `PV` या फंक्शनमध्ये शेवटची जागा त्यासाठीच असते. ती रिकामी सोडली किंवा तिथे 0 लिहिला, की हप्ता कालावधीच्या शेवटी येतो असं धरलं जातं. सुरुवातीच्या हप्त्यासाठी तिथे 1 लिहावा लागतो.

```
=PV(8%,20,-400000,0,0)
=PV(8%,20,-380000,0,1)
```

पहिल्या ओळीचं उत्तर ३९,२७,२५९ येतं, दुसरीचं ४०,२९,३६८. उत्तरांचा क्रम उलटला. छोटा हप्ता जास्त किमतीचा ठरला.

ही चूक सहज होते, कारण आकडा दिसायला ठीकठाक असतो, एरर येत नाही. ओळखायची एक खूण आहे. हप्ता, दर आणि वर्षं तीच ठेवून शेवटचा 0 बदलून 1 केला, तर नवं उत्तर जुन्याच्या बरोबर १.०८ पट यायला हवं. तसं आलं नाही तर कुठेतरी दुसरीच गडबड आहे.

हप्ता एक वर्ष अलीकडे आला की

१.०८ पट का, हे आबांना सूत्रातून पटणार नव्हतं. म्हणून आम्ही दोन्ही पर्यायांच्या तारखा शेजारी-शेजारी लिहिल्या. पहिल्या पर्यायाचा पहिला हप्ता ३१ मार्च २०२४ चा, दुसऱ्या पर्यायाचा दुसरा हप्ता १ एप्रिल २०२४ चा. मध्ये एकच रात्र. पुढेही तसंच. पहिल्याचे पहिले १९ हप्ते आणि दुसऱ्याचे दुसऱ्यापासून विसाव्यापर्यंतचे हप्ते जवळजवळ एकाच वेळी येतात.

म्हणजे दोन पर्यायांतला खरा फरक तीनच गोष्टींचा आहे. दुसरा घेतला तर आज ३ लाख ८० हजार जास्त मिळतात. त्याबदल्यात पुढची १९ वर्षं दरसाल २० हजार कमी मिळतात, आणि २०४३ च्या मार्चमध्ये मिळाले असते ते ४ लाख मिळत नाहीत. १९ वर्षांच्या वीस-वीस हजारांची आजची किंमत १ लाख ९२ हजार. शेवटच्या ४ लाखांची ८६ हजार. दोन्ही मिळून २ लाख ७८ हजार सोडायचे आणि ३ लाख ८० हजार आज घ्यायचे. १ लाख २ हजारांचा फायदा, आणि वरच्या दोन एक्सेल उत्तरांतला फरकही नेमका तेवढाच आहे.

आबांनी ते कागद दोनदा वाचले. मग म्हणाले, "म्हणजे शेवटचा हप्ता गेला आणि आजचा आला. एवढंच हाय की."

एवढंच. मग तात्यांनी ३,८०,००० हाच आकडा का दिला, असा प्रश्न काकींनी विचारला. तो अगदी योग्य होता. ८ टक्के दराने वर्षअखेरच्या ४ लाखांना वर्षारंभीचे ३,७०,३७० रुपये बरोबरीचे आहेत, ४ लाख भागिले १.०८. तात्यांनी अंदाजाने २० हजार कमी केले होते, खरं तर त्यांना जवळजवळ ३० हजार कमी करता आले असते. हे तात्यांसमोरच बोललं गेलं. त्यांनी आकडा बदलला नाही. "दिला शब्द तो दिला," म्हणाले.

एक मर्यादा इथेच सांगतो. हा फरक इतका मोठा दिसला, कारण हप्ता वर्षातून एकदाच होता. हेच हप्ते महिन्याचे असते, तर सुरुवात आणि शेवट यांत एकाच महिन्याचं व्याज राहिलं असतं, पाऊण टक्क्याच्याही आत. मासिक पेन्शनमध्ये एक तारीख की तीस तारीख यावर वेळ घालवायची गरज नाही. वार्षिक हप्त्यात आहे.

८ टक्केच का?

या प्रकरणातला हा पहिला खरा निर्णयबिंदू. दर मी दिलेला नव्हता, आबांच्या परिस्थितीतून काढला होता. प्रश्न असा विचारला: ४० लाख आज हातात आले असते तर ते कुठे गेले असते? एप्रिल २०२३ मध्ये ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर ८.२ टक्के होता आणि मर्यादा ३० लाख झाली होती. उरलेले १० लाख बँकेच्या ठेवीत सव्वासात टक्क्यांच्या आसपास गेले असते. दोन्ही मिळून सरासरी ७.९६ टक्के. म्हणून ८.

यात दोन गोष्टी कच्च्या आहेत. बचत योजनेचा दर पाच वर्षांपुरताच बांधलेला असतो आणि आपण २० वर्षांचा हिशेब करतोय. दुसरी अधिक महत्त्वाची: सरकारी योजनेचा दर सरकारच्या भरवशाचा आहे. वर्कशॉपचा हप्ता तात्या आणि त्यांच्या मुलाच्या धंद्याच्या भरवशाचा. ऑटोमोबाइल कंपन्यांची मागणी घटली की शिरोलीतल्या फाउंड्र्यांचं काम कमी होतं आणि फाउंड्री थांबली की मशीनिंगही थांबतं. भावाच्या शब्दावर विश्वास असणं आणि २०४२ सालच्या ऑर्डर बुकवर विश्वास असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. जिथे जोखीम जास्त तिथे दर जास्त धरायचा, म्हणजे आजची किंमत कमी निघते. म्हणून ७, ८ आणि १० या तीन दरांनी सगळं पुन्हा काढलं. आकडे लाखांत आहेत.

| पर्याय | ७ टक्के | ८ टक्के | १० टक्के |
|---|---|---|---|
| वर्षअखेर ४ लाख | ४२.३८ | ३९.२७ | ३४.०५ |
| वर्षारंभी ३.८० लाख | ४३.०८ | ४०.२९ | ३५.५९ |
| वाढतं भाडं, कायम | ५०.०० | ४०.०० | २८.५७ |

दुसरा पर्याय पहिल्यापेक्षा तिन्ही दरांना सरस आहे. तो प्रश्न तिथेच मिटला आणि पहिला पर्याय आम्ही बाजूला ठेवला. खरी निवड दुसरा आणि तिसरा यांत होती. तिथे मात्र तक्त्याची शेवटची ओळ बघून घरातले सगळे गप्प झाले. दर एका टक्क्याने खाली आला की ४० चे ५० लाख, दोन टक्क्यांनी वर गेला की २८. असं कसं?

न संपणारं भाडं

कायम वाढत जाणाऱ्या रकमेची आजची किंमत काढायचं सूत्र आश्चर्य वाटावं इतकं छोटं आहे:

```
PV = C / (r - g)
```

C म्हणजे एक वर्षाने येणारी पहिली रक्कम, r म्हणजे दर, g म्हणजे वाढ. २ लाख भागिले ८ टक्के वजा ३ टक्के, म्हणजे २ लाख भागिले ०.०५, म्हणजे ४० लाख. यासाठी एक्सेलमध्ये वेगळं फंक्शन नाही, लागतही नाही.

मुलीला शंका होती की न संपणाऱ्या रकमेची किंमत मर्यादित कशी असेल. ती उलट बाजूने बघितली की पटते. ४० लाख ८ टक्क्यांनी ठेवा. वर्षाने ३ लाख २० हजार व्याज आलं. त्यातले २ लाख काढून घ्या. १ लाख २० हजार उरले, ते मुद्दलात मिसळले, मुद्दल झालं ४१ लाख २० हजार. म्हणजे मुद्दलही बरोबर ३ टक्क्यांनी वाढलं. पुढच्या वर्षी २ लाख ६ हजार काढता येतील आणि उरलेलं व्याज मुद्दलाला पुन्हा ३ टक्क्यांनी वाढवेल. हे कधीच आटत नाही. म्हणून ४० लाख.

आता तक्त्यातली उडी कळते. भागाकार दराने होत नाही, दर आणि वाढ यांतल्या फरकाने होतो. दर ८ वरून ७ झाला तर तो आठव्या हिश्श्याने कमी झाला, पण फरक ५ वरून ४ झाला, म्हणजे पाचव्या हिश्श्याने. वाढीचंही तसंच. ३ ऐवजी ४ टक्के वाढ धरली की किंमत ५० लाख, ५ टक्के धरली की ६६ लाख ६७ हजार. व्यापारी जागांच्या भाड्यात ५ टक्के वाढ लिहिण्याची पद्धत आहे, म्हणून मुलीचं म्हणणं ५ घ्यावं असं होतं. पण पाच-दहा वर्षांच्या करारातली ५ टक्के वाढ आणि कायमची ५ टक्के वाढ यांत फार अंतर आहे. कायमच्या वाढीचा आकडा मी शक्य तितका खाली ठेवतो. g जर r च्या जवळ गेला तर सूत्र कितीही मोठा आकडा देतं आणि तो कुठल्याच व्यवहारात खरा नसतो. g हा r पेक्षा मोठा झाला तर सूत्र चालतच नाही, ऋण आकडा देतं.

पहिली रक्कम कधी येते हा प्रश्न इथेही आहेच. वरचं सूत्र पहिलं भाडं एक वर्षाने येतं असं धरतं. तेच २ लाख पहिल्याच दिवशी मिळाले तर सगळी माळ एक वर्ष अलीकडे सरकते आणि ४० चे ४३ लाख २० हजार होतात. पुन्हा तेच १.०८.

"कायम" किती वर्षं?

एमआयडीसीची जागा विकत मिळत नाही. ती ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळते. या भावांच्या वडिलांनी प्लॉट १९७८ साली घेतला होता, म्हणजे पट्टा २०७३ पर्यंतचा. २०२३ मध्ये ५० वर्षं उरली होती. कागदावर "कायम" लिहिलेलं भाडं प्रत्यक्षात ५० वर्षांचं होतं. पट्ट्याचं नूतनीकरण मिळेल हे गृहीत धरणं मला पटलं नाही.

५० वर्षांनंतरचं सगळं कापून टाकलं तर ४० लाखांचे ३६ लाख २६ हजार उरतात. अनंतकाळातली ५० वर्षं सोडून बाकीचा सगळा काळ गेला, तरी किंमत दहा टक्क्यांपेक्षा कमीच घटली. लांबच्या पैशाला आजच्या मापात वजन फार थोडं असतं, ते असं दिसतं.

पण पहिल्या २० वर्षांवर थांबलो तर चित्र वेगळं आहे. ४० पैकी २४ लाख ५० हजार एवढीच किंमत पहिल्या २० वर्षांतून येते, १५ लाख ५० हजार त्यानंतरच्या काळातून. म्हणजे या पर्यायाच्या किमतीचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग आबांच्या ऐंशीनंतरचा. तो काकींना आणि मुलीला मिळणार. आबांना स्वतःला सुरुवातीची वर्षं २ लाखांत काढावी लागली असती आणि घरखर्च ३ लाख ६० हजार होता. २ लाखांचे ४ लाख व्हायला २४ वर्षं लागतात.

तरी तिसऱ्या पर्यायाच्या बाजूने एक भक्कम गोष्ट होती. वर्कशॉप उद्या बंद पडलं तरी जागा राहते. आसपास चौकशी केली तेव्हा ठरवलेलं भाडं बाजारभावाच्या जवळच होतं, म्हणजे दुसरा भाडेकरू मिळू शकतो. दुसऱ्या पर्यायामागे मात्र तात्यांच्या शब्दाशिवाय काहीच नव्हतं.

मसुद्यातली एक ओळ

वकिलांकडून कराराचा मसुदा आला. त्यात भाड्याबद्दल लिहिलं होतं, "भाड्यात दरवर्षी मूळ भाड्याच्या ३ टक्के वाढ होईल." कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. तात्यांच्या मुलालाही नाही, आणि त्याने ते मुद्दाम घातलं नव्हतं हे मी खात्रीने सांगतो.

मूळ भाड्याच्या ३ टक्के म्हणजे दरवर्षी ६ हजार, कायम ६ हजारच. ही सरळ वाढ झाली. वरचं सूत्र चक्रवाढीचं आहे, आधीच्या वर्षाच्या भाड्यावर ३ टक्के. विसाव्या हप्त्याला चक्रवाढीने ३,५०,७०१ रुपये होतात, सरळ वाढीने ३,१४,०००. आणि आजच्या किमतीत ४० लाखांच्या जागी ३४ लाख ३७ हजार ५०० येतात. म्हणजे दोन शब्दांनी साडेपाच लाखांचा फरक पडला असता. बाजारात मिळणाऱ्या वार्षिकी योजनांतही ३ टक्के वाढीचा पर्याय असतो आणि तिथे ही वाढ बहुधा सरळ असते, म्हणून ही ओळ नेहमी शोधून वाचावी. इथे ती बदलून "लगतच्या मागील वर्षी देय असलेल्या भाड्यावर ३ टक्के" अशी केली.

काय निवडलं

आबांच्या गरजा तीन होत्या. पहिल्या दिवसापासून घरखर्च भागावा. वीस वर्षांनी सगळं थांबू नये, कारण तेव्हा काकी शहात्तरच्या असतील. आणि धंदा अडचणीत आला तर सगळं एकदम जाऊ नये. दुसऱ्या पर्यायाने पहिली गरज भागत होती, तिसऱ्याने बाकीच्या दोन. म्हणून दोन्ही अर्धे-अर्धे घ्यावेत असा विचार पुढे आला.

ठरलं ते असं. १ लाख ९० हजार दर १ एप्रिलला, २० वर्षं. जागेतल्या आपल्या हक्काचा निम्मा भाग, म्हणजे एकूण जागेचा चौथा हिस्सा, आबांनी ठेवायचा आणि त्याचं भाडं घ्यायचं. हे भाडंही वर्षाच्या सुरुवातीला हवं, असा आबांचा आग्रह. तात्या म्हणाले, मग १ लाख परवडत नाही. बरोबरीचा आकडा ९२,५९३ होता. घासाघीस न करता ९५,००० वर जमलं.

८ टक्क्यांनी हप्त्यांचा भाग २० लाख १५ हजार, भाड्याचा भाग कायम धरला तर २० लाख ५२ हजार. पट्ट्याची ५० वर्षंच धरली तर भाडं १८ लाख ६० हजार आणि एकूण ३८ लाख ७५ हजार. म्हणजे नुसता दुसरा पर्याय घेण्यापेक्षा दीड लाखाने कमी. हे आबांना स्पष्ट सांगितलं. पण वर्कशॉपच्या शब्दाला १० टक्के दर लावला आणि जागेला ८ टक्केच ठेवला, तर नुसता दुसरा पर्याय ३५ लाख ५९ हजारांचा होतो आणि मिश्र पर्याय ३६ लाख ३९ हजारांचा. शब्दावर किती भरवसा ठेवायचा यावर उत्तर बदलतं. आबा म्हणाले, "तात्यावर भरवसा पूर्ण हाय. धंद्यावर निम्मा." म्हणून निम्मं-निम्मं.

सुरुवातीच्या खर्चाचं गणित असं बसलं: १ लाख ९० हजार, ९५ हजार, आणि १२ लाखांची बचत ज्येष्ठ नागरिक योजनेत टाकून वर्षाला ९८,४०० व्याज. एकूण ३ लाख ८३ हजार.

हप्त्यांच्या भागाला थोडं तरी संरक्षण हवं म्हणून करारात एक कलम घातलं. हप्ता ३० दिवसांपेक्षा जास्त थकला तर उरलेली रक्कम एकदम देय होईल. उरलेली रक्कम म्हणजे किती, हे बहुतेक करारांत लिहिलेलं नसतं आणि वाद तिथेच होतो. नुसती बेरीज धरली तर ती तात्यांवर अन्याय करते, कारण त्यांना पुढच्या वर्षांचे पैसे आजच द्यावे लागतात. म्हणून दर १ एप्रिलचं उरलेलं वर्तमान मूल्य ८ टक्क्यांनी काढून तक्ता जोडला. उदाहरणार्थ १ एप्रिल २०२८ ला सहावा हप्ता देण्याआधी १५ हप्ते उरलेले असतील. बेरीज २८ लाख ५० हजार, तक्त्यातला आकडा १७ लाख ५६ हजार.

पुढे काय झालं

२०२५ पर्यंतचे तीन हप्ते आले आहेत. भाडं ९५,००० वरून ९७,८५० आणि मग १,००,७८६ झालं. २०२५ ला काम कमी होतं. भाडं १ एप्रिललाच आलं, पण हप्ता एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात मिळाला, ३० दिवसांच्या आत. त्या दिवसांत तात्यांच्या मुलाने स्वतः फोन करून तक्त्यातला आकडा विचारून घेतला. काकींच्या मते त्या फोननंतरच पैसे लवकर आले.

महागाईचा प्रश्न सुटलेला नाही. वर्षाला ४ टक्के महागाई धरली तर २० वर्षांनी आजचा ३ लाख ६० हजारांचा खर्च ७ लाख ९० हजारांच्या जवळ जाईल. विसाव्या हप्त्याला हप्ता आणि भाडं मिळून ३ लाख ५७ हजार येतील, आणि त्याच्या पुढच्या वर्षापासून फक्त १ लाख ७२ हजारांचं भाडं. आधीच्या वर्षांत जे उरेल ते बाजूला टाकणं भाग आहे आणि आबा सध्या तसं करत आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

हप्त्यांच्या भागालाही थोडी वाढ मागता आली असती. ८ टक्के दराने १ लाख ९० हजारांच्या सपाट हप्त्याऐवजी पहिला हप्ता कमी ठेवून ३ टक्क्यांनी वाढणारा हप्ता त्याच किमतीत बसवता येतो. त्यामुळे शेवटची वर्षं इतकी कोरडी गेली नसती आणि तात्यांवरचा सुरुवातीचा ताणही कमी झाला असता. हा पर्याय टेबलावर आलाच नाही, कारण सगळी चर्चा तात्यांनी लिहिलेल्या तीन ओळींभोवती फिरली.

भाडेपट्ट्याची शिल्लक वर्षं पहिल्याच दिवशी विचारायला हवी होती. ती तिसऱ्या बैठकीत कळली आणि तोपर्यंत ४० लाख हा आकडा सगळ्यांच्या मनात बसला होता. ३६ लाख ऐकल्यावर आबांना आपलं काहीतरी गेलं असं वाटलं, प्रत्यक्षात ते कधी नव्हतंच.

एमआयडीसीच्या जागेत भाडेकरू ठेवायला महामंडळाची परवानगी लागते आणि वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेकरार नोंदवावा लागतो. दोन्ही कामं सही झाल्यावर सुरू झाली. ती आधी झाली असती तर नोंदणीचा खर्च कोणी द्यायचा हेही त्याच घासाघिशीत ठरलं असतं. तो शेवटी आबांना भरावा लागला.